आगोट आणि नऊशे रेनकोट

प्रमिला कोळी हिने सव्वीस वर्षं पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकली. बोंबील, जवळा, सुकट, वाकट्या. टोपलीमागे बसून तिने माणसांचे चेहरे पाहिले नाहीत, त्यांच्या तारखा पाहिल्या. वीटभट्ट्या बंद झाल्या की डोंगराकडची माणसं येणार आणि सुकट नेणार. लग्नं आटोपली की आगरी बायका बोंबलांच्या माळा बघायला येणार. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच येणार, कारण ती आगोट. पाऊस लागायच्या आत चार महिन्यांचं सामान घरात भरून ठेवायचं, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. कांदे, मसाला, लाकडं, मासळी. पाऊस पडल्यावर टोपलीपाशी येणाऱ्या बाईकडे प्रमिला दयेने बघायची. अशी बाई संसारात कच्ची, हे तिचं ठरलेलं मत.

गुडघे बोलायला लागले तेव्हा टोपली सुटली. चौपन्नाव्या वर्षी रिकामं बसणं तिला जमणारं नव्हतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत सासऱ्यांनी घेतलेला गाळा होता. अर्धा तिचा, अर्धा दादूचा. दादू म्हणजे तिचा धाकटा दीर. त्याचा मंडपाचा धंदा. लग्नाच्या हंगामात गाळा रिकामा असायचा, कारण खुर्च्या कुणाच्या तरी दारात असायच्या. त्या रिकामेपणात तिची सून किशोरी शिरली. किशोरी बीकॉम, बोटं भराभर चालणारी. नवरा प्रितेश बंदरात शिफ्टला जायचा. ही मोबाइलवर डबे आणि पाण्याच्या बाटल्या विकायची. माल गाळ्यात, गिऱ्हाईक कुठेही. कुरिअरची गाडी संध्याकाळी पाचला येऊन पार्सलं घेऊन जाई.

"म्हंजे गिऱ्हाईक दिसतच नाय?" प्रमिलाने पहिल्या दिवशी विचारलं.

"पिनकोड दिसतो, आई."

"आन् घासाघीस?"

"ती त्यांनी दुसऱ्या दुकानाशी आधीच केलेली असते."

प्रमिलाला हे भुताटकीसारखं वाटलं आणि म्हणूनच आवडलं.

गेल्या वर्षी तिने या भुताटकीत स्वतःचं ज्ञान घातलं. शाळेच्या मुलांचे रेनकोट, पाठीवर दप्तरासाठी फुगा असलेले. उल्हासनगरचा माल, चांगला जाड. किशोरी म्हणाली, मे संपताना टाकू. प्रमिला म्हणाली, "येडी का काय तू. पाऊस पडल्यावर रेनकोट कोन घेतो? आगोट एप्रिलातच धरायची."

किशोरीने सासूचा मान ठेवला. एप्रिलच्या सुरुवातीलाच चारशे रेनकोट भिवंडीला ऑनलाइन बाजाराच्या गोदामात गेले. तिथे ठेवलेला माल गिऱ्हाइकाला दोन दिवसांत पोचतो आणि पानावर तसं लिहूनही येतं. पान म्हणजे लिस्टिंग: फोटो, मापं, किंमत, खाली लोकांची मतं. ते पान एप्रिलभर उन्हात पडून राहिलं. कुणी घेत नाही म्हणून बाजाराने त्याला खाली ढकललं, खाली गेलं म्हणून कुणाला दिसेना, दिसेना म्हणून कुणी घेईना. मेच्या शेवटी गोदामाने पडून असलेल्या मालाचं जादा भाडं लावलं. किशोरी घाबरली आणि माल परत मागवला. आठ जूनला माल टेम्पोतून गाळ्याच्या दारात उतरला आणि त्याच दुपारी पावसाने पनवेल धुऊन काढलं. सगळा महाराष्ट्र रेनकोट शोधत होता आणि यांच्या पानावर लिहिलं होतं, सध्या उपलब्ध नाही. गोदामात पुन्हा माल घेण्याची पुढची तारीख मिळाली एकवीस जूनची. तोवर मुलं एकदा भिजली होती आणि त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी रेनकोट मिळाला होता.

प्रमिलाने तीन दिवस परत आलेली खोकी गाळ्यात रचली. चौथ्या दिवशी म्हणाली, "या लोकांची आगोट भिजल्यावर लागते."

एवढंच. पण हे वाक्य तिने मनात टांगून ठेवलं, वर्षभर.

दादूने मात्र ती गोष्ट गल्लीभर सांगितली. वैनीने पावसाला रेनकोट विकला, बाकी कुणाला नाय, असं तो म्हणे. या वर्षी गुढीपाडव्याला पुरणपोळी खाऊन झाल्यावर त्याने सरळ विषय काढला.

"वैनी, गाळा मला द्या. वीस जूनला माझा हंगाम संपतो. खुर्च्या, पडदे, गालिचे, सगळं घरी येतं. किशोरीचे डबे आले तेव्हापासून दुसऱ्याच्या शेडमध्ये ठेवतो. तुमचे रेनकोट काय, पलंगाखाली मावतील."

"किती हायेत ठावं हाय का?"

"गेल्या वर्षीचे उरलेलेच असतील ना, तीन-चारशे?"

"तीनशे ऐंशी. आन् पाचशे वीस नवीन सांगितलेत."

दादूच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला. मग तो खुलला. दादूला माणूस बुडताना पाहून खुलायची सवय होती, पण तो वाईट नव्हता. बुडणाऱ्याला बाहेर काढून मग वर्षभर ते सांगणारा होता.

"मग असं करू," तो म्हणाला. "वीस जूनला तुमच्या मोबाइलवर रेनकोट शून्य दिसले, आन् गाळ्यात एक नाय दिसला, तर गाळा तुमचा. मी नाव नाय काढनार. एक जरी दिसला तरी माझा. आन् भिवंडीला ढकलून गाळा रिकामा केलात, ते चालणार नाय."

"भिवंडी धरून शून्य," प्रमिला म्हणाली. "परत आलेला पन धरून?"

"परत आलेला पन."

किशोरी स्वयंपाकघरातून डोळे वटारत होती. तिला तीस जून हवा होता. प्रमिलाने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती म्हणाली, "ठरलं, भावजी."

रात्रीच्या जेवणाआधी किशोरीने हिशेब मांडला. "आई, आपल्या शाळा सोळा जूनला उघडतात. तुम्ही वीस तारीख मान्य केलीत. चार दिवस मिळाले."

"आपल्या शाळा. बाकी देशात पोरं नायत का?"

तिथून या वर्षाचं कॅलेंडर सुरू झालं. ते गाळ्याच्या भिंतीवर लागलं. गणपतीचं चित्र वर, खाली प्रमिलाच्या सांगण्यावरून किशोरीने केलेल्या खुणा. कर्नाटकातल्या शाळा मेच्या अखेरीला. केरळातल्या जूनच्या पहिल्या दिवसांत. गुजरात नऊ जून. आपण सोळा. विदर्भात ऊन जास्त, म्हणून आठवडाभर उशिरा. उत्तरेत एक जुलै. प्रमिला त्या खुणांवरून बोट फिरवायची. पाऊसही साधारण याच रस्त्याने वर चढत जातो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिचं माहेर उरणचं, तिथे होड्या याच हिशेबाने किनाऱ्यावर ओढतात.

"पण पान आत्तापासून गरम ठेवायला पाहिजे," किशोरी म्हणाली. "गेल्या वर्षी थंड पडलं म्हणून मेलो. थोडी विक्री, चार चांगले रिव्ह्यू. मग सीझनला वर दिसतं."

"एप्रिलात कोन भिजतं?"

किशोरीने गेल्या वर्षीच्या तुरळक ऑर्डरी काढल्या. सात गुवाहाटीच्या. तीन शिलाँगच्या. तिकडे एप्रिलातच वादळी पाऊस असतो आणि शाळाही चालू.

प्रमिलाने नाव दोनदा म्हणून पाहिलं. "गुवाहाटी. पोरगं एप्रिलात भिजतंय आन् आपन इथं घामानं भिजतोय."

मग जुने तीनशे ऐंशी रेनकोट उघडून तपासले. वर्षभर घडीत राहिलेलं प्लास्टिक उन्हाळ्यात एकमेकांना चिकटतं. सासू-सुनेने एकेक उलगडून त्याला टाल्कम पावडर लावली. आठवडाभर गाळ्याला तान्ह्या बाळाच्या खोलीचा वास येत होता. फाटके तीन निघाले, ते प्रमिलाने कापून नळावर गुंडाळले आणि त्यांच्या जागी उल्हासनगरकडून तीन नवे मागवले. नऊशे म्हणजे नऊशे.

वीस एप्रिलला पान उघडलं, फक्त साठ नगांवर. ते गाळ्यातूनच हळूहळू गेले, बहुतेक ईशान्येकडे. मेच्या मध्यापर्यंत तीस-पस्तीस लोकांनी मतं लिहिली. एका बाईने मुलाचा फोटो टाकला होता. मागे हिरवा डोंगर, मुलगा पिवळ्या रेनकोटात, पाठीवर दप्तराचा फुगा, तोंडावर नाराजी. प्रमिलाला तो फोटो इतका आवडला की तिने तो मोठा करून बघितला. "याला दप्तर आवडत नाय," ती म्हणाली. "रेनकोट आवडलाय."

भिवंडीच्या गोदामात माल उतरवायची वेळ आधी मागून घ्यावी लागते. मे संपत आला की सगळ्यांनाच ती हवी असते. किशोरीने दोन मेलाच चोवीस मेची वेळ घेऊन टाकली. गोदामाने चारशेच नग घ्यायचं मान्य केलं. बाकी चारशे चाळीस गाळ्यात, डबे-बाटल्या या हंगामापुरत्या बंद. प्रमिला म्हणाली, "बरं झालं. सगळी मासळी एका टोपलीत ठेवली तर मांजर एकच पुरतं." टेम्पोवाल्या गोरखच्या गाडीतून माल गेला. गोदामात मोजदाद होऊन पानावर यायला आठवडा लागणार होता.

इथवर सगळं कॅलेंडरप्रमाणे झालं. मग पावसाने कॅलेंडर वाचायचं सोडून दिलं.

सव्वीस मे. सकाळी आठला अंधार झाला आणि दुपारी गल्लीतून चपला वाहत गेल्या. पंधरा दिवस आधी पाऊस. रेडिओवर, मोबाइलवर, चहाच्या टपरीवर तेच. किशोरीने पान उघडून ठेवलं, अगरबत्ती लावल्यासारखं, आणि वाट बघू लागली. मोठ्यांच्या छत्र्या, ताडपत्र्या, सगळ्यांची चांदी. मुलांच्या रेनकोटाला दिवसभरात दोन ऑर्डरी.

दुसऱ्या दिवशी तीन.

"आई, काहीतरी चुकतंय. आपल्यासारखेच दुसरे विकणारे किंमत पाडतायत. आपणही पाडू. पाऊस आहे तोवर."

प्रमिला दारात उभी होती. गल्लीत पाणी होतं आणि त्यात कुणीच खेळत नव्हतं.

"इथं एक पोरगं दिसतंय का तुला?"

किशोरीने बाहेर पाहिलं.

"मामाकडं हायेत सगळी. मे महिना हाय. पोरगं मामाकडं भिजलं तर आई टॉवेल देते, रेनकोट नाय देत. पाऊस पडला, पन घंटा वाजली नाय. दोन्ही पायजेत."

"आणि दुसऱ्यांनी किंमत पाडली तर?"

"पाडू दे. जे घ्यायला येतच नाय त्याला सस्त्यात देऊन काय मिळणार?"

 गेल्या वर्षी सासूच्या याच खात्रीने आपण बुडालो होतो, हे किशोरीच्या ओठांवर आलं होतं. पण तिने दोन दिवस पदराचं टोक चावलं आणि किमतीच्या रकान्यावर बोट ठेवून उचललं.

या अवेळी पावसाचा खरा घाव दुसरीकडून आला. शेवटची पाच लग्नं पाण्यात गेली. कुणी हॉल घेतला, कुणी तारीख पुढे ढकलली. एक जूनलाच दादूचा ट्रक गाळ्यासमोर उभा राहिला. तीनशे खुर्च्या, गालिच्यांची भेंडोळी, पडद्यांची गाठोडी आणि वर नवरा-नवरीचे लाल मखमली सोफे, दोन, सोनेरी पाय असलेले.

"वैनी, गाळा."

"आज एक जून हाय."

"पाऊस बघा की."

"आपलं बोलणं तारखेचं झालंय, पावसाचं नाय."

दादू ट्रकच्या फळीवर बसला. त्याच्या डोक्यावरून पाणी गळत होतं आणि त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला मजा येत होती. "मग हे कुठं ठेवू? मखमल कुजंल."

प्रमिलाने ट्रककडे पाहिलं. "खुर्च्या प्लास्टिकच्या, त्यांना काय सर्दी होनार? तुमच्या ऑफिससमोर ताडपत्रीखाली लावा. कापड आन् सोफे माझ्या घरात."

अशा रीतीने कोळीवाड्यातल्या दोन खोल्यांत लग्नाचा मंडप शिरला. पडद्यांची गाठोडी पलंगाखाली, गालिचे पलंगावर. सोफे दिवाणखान्यात, म्हणजे एकुलत्या एका पुढच्या खोलीत. प्रितेश शिफ्टवरून आला आणि कुणाचं लग्न म्हणून विचारू लागला. त्या दिवसापासून किशोरी नवरीच्या सोफ्यावर बसून लेबलं छापायची आणि प्रमिला नवरदेवाच्या सोफ्यावर बसून टेप लावायची. शेजारच्या बायका बघायला आल्या. प्रमिला त्यांना म्हणाली, "अक्षता आणल्या का?"

आणि ऑर्डरी यायला लागल्या. पनवेलच्या नव्हे. मंगळूर. उडुपी. कोझिकोड. कर्नाटकातली, मग केरळातली मुलं शाळेत गेली, भिजली, घरी आली. संध्याकाळी सहा ते नऊ, आया मोबाइल हातात घेतात त्या वेळेला, आकडा टिकटिक करत वर जायचा. भिवंडीचा माल कालच पानावर आला होता. नऊ जूनपर्यंत दोनशे तीस दक्षिणेत गेले. मग गुजरातच्या शाळा, सत्तर आणखी. गुवाहाटीचा तो नाराज मुलगा पानावर सगळ्यात वर होता आणि त्याच्या जिवावर पान वर होतं. ज्यांनी मेमध्ये किमती पाडल्या त्यांतल्या दोघांकडे आता माल नव्हता.

दादू रोज संध्याकाळी आपले सोफे बघायच्या निमित्ताने यायचा.

"किती राहिले?"

"पाचशे चाळीस," किशोरी सांगायची. तेरा जून होता.

"सात दिवसांत पाचशे चाळीस." दादूने बोटं मोडली. "सोफा सांभाळून वापरा हां वैनी. पाय सोनेरी आहेत."

तो हसला. पण जाताना त्याने आकड्याकडे पुन्हा पाहिलं. दक्षिणेत दहा दिवसांत काय झालं हे त्यालाही दिसलं होतं आणि सोमवारी इथल्या शाळा उघडत होत्या. दादूला पहिल्यांदा गाळा जाताना दिसला.

चौदा जूनला त्रेपन्न ऑर्डरी आल्या. किशोरी लेबलं छापता छापता थांबली.

"आई, पनवेलच्याच बावीस आहेत."

"चांगलं झालं की."

"सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरी. सगळ्यांना एकच साइझ, अकरा-बारा वर्षं. आणि पत्ता बघा."

बावीस वेगवेगळी नावं होती. पत्ता एकच, दादूच्या मंडपाच्या ऑफिसचा. पहिलं नाव अंकुश वाघे. अंकुश दादूकडे खांब रोवायचा. प्रमिला त्याला ओळखत होती, त्याची बायको रंभा तिच्याकडून वर्षानुवर्षं सुकट न्यायची. अंकुशला एकच मुलगी, चिंगी, सहा वर्षांची.

प्रमिलाने ती नावं एकेक वाचली. मग ती नवरदेवाच्या सोफ्यावर मागे रेलली.

"घरी पैसे देतो म्हणून मागवायचं आन् दारात नको म्हणायचं. मग काय होतं?"

"परत येतं. गाळ्याच्या पत्त्यावर. सतराला पार्सल पोचेल, त्यांनी नाकारलं की एकोणीस-वीसला आपल्या दारात." किशोरीने लेबलं बाजूला ठेवली. "बावीस, आई. वीस जूनला. बावीस परत विकायला वेळच उरत नाही. मी कॅन्सल करते सगळ्या."

"आपन कॅन्सल केलं तर?"

"आपलं नाव खराब होतं. बावीस एकदम म्हणजे पान खाली जाईल. ते पण ऐन सोळाच्या तोंडावर."

"म्हंजे भावजींनी दोन्ही दारं लावलीत." प्रमिलाच्या आवाजात थोडं कौतुक होतं. तिला दादू इतका हुशार वाटला नव्हता. "कॅन्सल नको. पाठव. फक्त माप मी सांगते ते भर. अंकुशच्या नावाला सहा वर्षांचा. गोविंदला दोन पोरं, थोरला नऊचा, नऊचा भर. या भिकाजीचा पोरगा आठवीत हाय, त्याला मोठाच राहू दे."

"लेबलवर एक साइझ आणि आत दुसरी? गिऱ्हाईक परत करेल."

"कोनतं गिऱ्हाईक?"

किशोरीने एक क्षण सासूकडे पाहिलं आणि आकडे खालीवर करायला घेतले. लहान मापातले कमी, मोठ्या मापातले तेवढेच जास्त. मोठ्या मापाला शहरात मागणी असतेच, तो माल कुठे जाणार नव्हता.

सोमवारी सकाळी घंटा वाजली. दहा वाजेपर्यंत ऊन होतं. साडेअकराला आभाळ फुटलं. सकाळच्या शाळा सुटल्या तेव्हा कुणी दप्तर डोक्यावर घेतलं होतं, कुणी पोटाशी. आणि दुपारपासून ते सुरू झालं ज्याची प्रमिला वर्षभर वाट बघत होती. डोंबिवली, नाशिक, सातारा, कोल्हापूर, पुण्याचे सगळे पिनकोड. एकशे अठरा. प्रिंटर गरम झाला म्हणून त्याच्यावर पंखा धरला. कुरिअरवाल्याने दुसरी गोणी आणली. प्रमिलाचे गुडघे दुखत होते आणि ती ते विसरून गेली होती, म्हणजे तिला ते फक्त उठताना आठवत.

मंगळवारी सकाळी कुरिअरवाल्याला पार्सलं केव्हा पोचणार ते विचारून ती कामातून तासभर उठली. रिक्षा करून डोंगराकडे, मंडपवाल्यांच्या वाडीवर गेली. रंभा दारात चिंगीचं ओलं दप्तर चुलीपाशी धरून वाळवत होती. एक वही फुगून दुप्पट झाली होती.

"रंभे, पोरीला घेऊन दुपारी दोनला दादूशेटच्या हापिसात ये. सगळ्याजणींना सांग. शेट पोरांना रेनकोट देनार हायेत."

रंभा संशयाने म्हणाली, "दादूशेट?"

"तुमच्या नवऱ्यांच्या नावानं मागवलेत. नावं लिहिलेली हायेत पार्सलावर. मी काय खोटं बोलतेय?"

ती खोटं बोलत नव्हती. या गोष्टीत ती एकदाही खोटं बोलली नाही, ही तिची पुढे वर्षभराची बढाई.

दुपारी दोनला दादूच्या ऑफिससमोर, ताडपत्रीखाली, दादूच्याच खुर्च्या उलगडून एकवीस बायका बसल्या होत्या. मुलं खुर्च्यांच्या मधून पळत होती. अंकुश, गोविंद आणि बाकीचे मंडपवाले भिंतीशी उभे होते आणि मालकाकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. प्रमिला कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर पिशवी.

दादू आतून आला. त्याने गर्दी पाहिली, प्रमिलाला पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून पाच-सहा विचार गेले, एकामागून एक, ओळखता येतील इतके सावकाश.

"काय वैनी, कुणाचं लगीन?"

"तुमचंच कौतुक चाललंय, भावजी."

तेवढ्यात कुरिअरवाला आला, मोठी गोणी खांद्यावर. "अंकुश वाघे. गोविंद नाईक. भिकाजी... बावीस आहेत. कॅश. कोण देणार?"

मुलं थांबली. पाऊस ताडपत्रीवर पडत होता. चिंगी पुढे येऊन गोणीकडे बघत उभी राहिली. रंभा म्हणाली, "शेट, आमाला तर खरं वाटत नव्हतं." आणि मागून एक म्हातारी म्हणाली, देव तुमचं भलं करो.

नको म्हणायला दादूने तोंड उघडलं. ते प्रमिलाने पाहिलं आणि कुरिअरवाल्यानेही, त्याने तर नाकारल्याची नोंद करायला मोबाइलही काढला होता. मग दादूने तोंड मिटलं आणि खिशात हात घातला. खिशातलं पुरलं नाही. तो आत गेला, गल्ला उघडल्याचा आवाज आला.

पार्सलं फुटली. दोन मिनिटांत तिथे वीस-बावीस पिवळे, निळे फुगेवाले प्राणी उड्या मारू लागले. चिंगीला रेनकोट बरोब्बर बसला. दादूने ते निरखलं.

"मी तर मोठे..." तो म्हणाला आणि थांबला.

"काय म्हणालात?"

"काय नाय."

"माप मीच बघून भरलं," प्रमिला म्हणाली. "घाईत तुमच्याकडून सगळे मोठे पडले होते."

त्या दिवशी एकशे सव्वीस गेले. बुधवारी चौऱ्याण्णव. दक्षिणेकडचे सहा परत आले, एकाला रंग आवडला नव्हता, बाकीच्यांना मापं. किशोरीने ते तपासून, पुसून त्याच संध्याकाळी पुन्हा पाठवले. शुक्रवारी, वीस तारखेला सकाळी, एकोणीस उरले होते. अकरा वाजता नऊ. एक वाजता दोन. मग ते दोन तसेच राहिले. अडीच झाले, तीन झाले. किशोरी पान उघडायची, मिटायची. सव्वातीनला साताऱ्याच्या एका बाईने दोन्ही घेतले, जुळ्यांसाठी असावेत, माप एकच होतं.

पाचला कुरिअरची गाडी गेली. साडेपाचला दादू आला. त्याने गाळ्यात मान घालून चारी कोपरे पाहिले. फळीवर टाल्कम पावडरचे गोल होते, बाकी काही नव्हतं. किशोरीने मोबाइल पुढे केला. शून्य.

दादूने तो आकडा बराच वेळ वाचला. मग खिशातून गाळ्याची दुसरी किल्ली काढून फळीवर ठेवली. त्याच्या शब्दाला तो जागत असे, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

"वाडीवरची पोरं मला बघून हात करतात आता," तो म्हणाला. "काल वहिवाटीच्या रस्त्यावर सात जणांनी हात केले. सगळी पिवळी."

"चांगलं हाय की."

"चांगलं काय. मला पण हात करावा लागतो." तो दारात घुटमळला. "वैनी, गाळा तुमचा. आता भाड्यानं तरी द्याल का? रिकामाच हाय. सोमवारपासून खुर्च्या टाकतो."

"सोमवारी विदर्भात शाळा उघडतात, भावजी. उद्या उल्हासनगरवरून तीनशे येतायत."

"मग विदर्भानंतर?"

प्रमिला कॅलेंडरपाशी गेली. तिने एक जुलैवर बोट ठेवलं, ते खाली आणलं, पंधरावर थांबवलं.

"उत्तरेतली पोरं भिजली की मग," ती म्हणाली. "तवर ताडपत्री नीट बांधा. पायजे तर उद्या ताडपत्र्या पन येतायत माझ्याकडं, किशोरीला सांगा, पान दाखवंल. फक्त कॅश ऑन डिलिव्हरी बंद केलंय आमी पनवेलसाठी."